देवळीतला टीव्ही घागरीसारखा का घुमतो

दिवाळीत गावी गेलो तेव्हा बैठकीत नवीन 43 इंची टीव्ही आला होता आणि त्याच्यासाठी सुताराकडून प्लायची मोठी देवळी करून घेतली होती, खाली काळा कडप्पा, तिन्ही बाजूंनी बंद, पुढून उघडी. दिसायला लई भारी. पण अण्णा बातम्या लावून बसले की दर दोन मिनिटाला आवाज वाढवायचे आणि म्हणायचे, "आवाज तर येऊलालाय रे, पण काय बोलायलेत ते कळंना." आईचं म्हणणं, यांचे कान गेले. शेजारच्या काकांचं म्हणणं, टीव्ही आग्नेयेला पाहिजे होता, दिशा चुकली.

अण्णांचे कान सत्तरीच्या माणसाचे असतात तसेच आहेत. पण जुना टीव्ही टेबलावर होता तोवर याच कानांनी त्यांना सगळं कळत होतं. आणि दिशेचं म्हणाल तर आवाजाला फक्त समोर भिंत किती अंतरावर आहे, पोकळी केवढी आहे आणि फट किती रुंद आहे एवढंच कळतं, आग्नेय आणि नैऋत्य त्याला सारखीच. वास्तूच्या नावाखाली टीव्ही हलवून फरक पडलाच तर तो जागेच्या मापामुळं पडतो.

आधी साधी भिंत घेऊ. आजकालच्या पातळ टीव्हीत स्पीकर पुढं नसतात, बहुतेक वेळा खालच्या कडेला जमिनीकडं तोंड करून बसवलेले असतात. जाड आवाज, म्हणजे ज्यांची कंपनं सेकंदाला 100-200 असतात ते, एका दिशेनं जातच नाहीत, स्पीकरचं तोंड कुठंही असू द्या, ते चहूकडं पसरतात, टीव्हीच्या मागंसुद्धा जातात आणि भिंतीवर आपटून परत येतात. 130 कंपनांच्या आवाजाची एक लाट जवळजवळ 2.6 मीटर लांब असते. टीव्ही भिंतीपासून 10 सेंटीमीटरवर असला तर परत येणारी लाट फक्त 20 सेंटीमीटर जास्त चालून आली, म्हणजे मूळ लाटेच्या जवळपास पावलाला पाऊल लावूनच निघाली, दोघींची बेरीज होते आणि हवेतला दाब दुपटीपर्यंत जातो. डेसिबलमध्ये 6. उलट टीव्ही भिंतीपासून 60-65 सेंटीमीटर पुढं टेबलावर ठेवला तर तीच लाट अर्धी लाट उशिरा येते, एक वर तर दुसरी खाली, आणि तोच 130-140 चा आवाज दबून जातो. टीव्ही तोच, आवाज वेगळा. म्हणून काही टीव्हीच्या सेटिंगमध्ये भिंतीवर का स्टँडवर असं विचारलेलं असतं, भिंतीवर सांगितलं की तो जाड आवाज मुद्दाम कमी सोडतो. ते सेटिंग आपण कोणी उघडून बघत नाही ही गोष्ट वेगळी.

आता देवळी. इथं नुसती भिंत नाही, इथं भांडं तयार होतं, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे.

टँकरच्या पाण्यानं घागर भरताना बघितलंय ना, आत न डोकावता कळतं की भरत आली, कारण आवाज बारीक होत जातो. आतली हवेची जागा जसजशी कमी होते तसतसा सूर चढतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा, तसंच. बाटलीच्या गळ्यातली हवा एखाद्या बुचासारखी वागते, पोटातली हवा स्प्रिंगसारखी. बूच आत ढकललं की पोटातली हवा दाबली जाते, ती बुचाला बाहेर ढकलते, बूच जरा जास्तच बाहेर जातं, आत दाब कमी पडतो, परत आत ओढलं जातं. हा झोका ठराविक वेगानंच चालतो. झोपाळ्याला त्याच्या वेळेवर हलका धक्का देत राहिलं तर तो जसा मोठा होतो तसं या वेगाशी जुळणारा आवाज बाहेरून मिळाला की भांडं तो फुगवून सांगतं. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन हेल्महोल्ट्झ यांनी 19व्या शतकात असे पोकळ गोळे कानाला लावून आवाजातले सूर वेगळे काढले होते, म्हणून याला हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात.

आता आमची देवळी बघा. रुंदी 105 सेंटीमीटर, उंची 65. टीव्ही अगदी पुढच्या कडेला मिळवून ठेवलेला, त्याच्या मागं 30 सेंटीमीटर मोकळी जागा. म्हणजे मागं 205 लिटर हवा, पाणीटंचाईत दारात ठेवतो त्या निळ्या ड्रमएवढी. हे झालं घागरीचं पोट. टीव्हीनं देवळीचं तोंड जवळजवळ झाकलंय, बाजूला दोन्हीकडं साडेचार सेंटीमीटर, वर 3, खाली पायांमुळं 6, एवढ्याच फटी. हा झाला गळा. सगळ्या फटी मिळून 0.145 चौरस मीटर. गळ्याची लांबी म्हणजे टीव्हीची जाडी, ती 8 सेंटीमीटर, पण फटीच्या आतबाहेरची थोडी हवाही बुचासोबत हलते म्हणून 12 धरली. हे हवेचं बूच वजनाला जेमतेम 21 ग्रॅम भरतं.

```
f = (c / 2π) × √( S / (V × L) )
  = (344 / 6.28) × √( 0.145 / (0.205 × 0.12) )
  ≈ 133
```

यात f म्हणजे देवळी ज्यावर घुमते ती सेकंदाची कंपनं, c हा आवाजाचा वेग, मीटर दर सेकंदाला, S फटींचं क्षेत्रफळ, V पोटातली हवा, L गळ्याची लांबी. ज्यांना वर्गमूळ नको त्यांनी एवढंच धरा की पोट मोठं तर सूर जाड, फट मोठी तर सूर बारीक. हे सूत्र भांडं लाटेपेक्षा बरंच लहान असेल तेव्हा बरोबर चालतं, आपली देवळी एक मीटर रुंद आहे म्हणून उत्तर थोडं इकडंतिकडं होणार हे मान्य.

पण 133 हा आकडा कुठं पडतो ते बघा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 85 ते 155 मध्ये असतो. म्हणजे बातम्या सांगणारा माणूस बोलला की देवळी त्याच्या नेमक्या त्या सुरावर घुमते, आणि शब्द संपला तरी थोडा वेळ घुमत राहते.

मग आवाज वाढवून का कळत नाही? कारण शब्द कळतात ते स, श, त, क, च असल्या व्यंजनांवरून. ‘काल’ आणि ‘साल’ यातला फरक जाड आवाजात नाही, तो 2000 कंपनांच्या वरच्या बारीक फुसकाऱ्यात आहे. कानाच्या आत शंखासारखी गुंडाळलेली नळी असते, तिच्यातल्या पडद्यावर आवाजाची लाट चालत जाते, बारीक आवाज दाराजवळच थांबतात आणि जाड आवाज पार टोकाला जाऊन थांबतात. हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं, त्यांना 1961 चं नोबेल मिळालं. आता टोकाला जाणारा जाड आवाज जाताना बारीक आवाजांच्या जागेवरूनच जातो, मोठा असला की तिथंही पडदा हलवून जातो, त्यामुळं बारीक आवाज दबतो. उलटं फारसं होत नाही. आणि वयाबरोबर आधी जातं ते बारीकच ऐकणं. अण्णांनी रिमोटवर आवाज वाढवला की घुमणंही तेवढंच वाढायचं, वर जोर जास्त झाला की ते बारीक आवाजाला आणखीच झाकायचं.

हे माझं नुसतं गणित आहे का खरंच असं होतंय ते बघायला मोबाईलमध्ये टोन जनरेटरचं फुकटचं ॲप घेतलं, आवाज टीव्हीवर पाठवला, आणि 100 पासून हळूहळू 300 पर्यंत नेत गेलो. 128 ते 138 च्या दरम्यान देवळी अशी हुंकारायला लागली की कडप्प्यावरची स्टीलची वाटी थरथरली. वाटीवर बोट ठेवलं तर गुदगुल्या झाल्यासारखं व्हायचं. मग टीव्ही दोघांनी उचलून बैठकीच्या मधल्या स्टुलावर ठेवला, रिमोटचा आकडा तोच, मोबाईल सोफ्यावर त्याच जागी, आणि त्याच सुराला मोबाईलचा मीटर 7-8 डेसिबल कमी दाखवायला लागला. मोबाईलचा माइक जाड आवाजाला तसा कच्चा असतो, पण दोन्ही वेळा तोच माइक, म्हणून फरकावर भरवसा ठेवता येतो. यातला थोडा फरक भिंत लांब गेल्याचाही आहे, सगळा घागरीचा नाही. ॲप नसलं तरी ओळखता येतं, बातम्या चालू ठेवून टीव्ही देवळीबाहेर काढा आणि आवाज कमी करून बघा, कमी आवाजात जास्त कळायला लागलं तर गडबड देवळीची आहे.

उपाय म्हणून पहिल्यांदा मी घडी केलेली गोधडी देवळीच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली. काहीच फरक नाही. नंतर लक्षात आलं की कापड आवाज शोषतं ते हवा त्याच्या धाग्यांतून ये-जा करते तेव्हा, आणि बंद कोपऱ्यात दाब वरखाली होतो पण हवा जागची फारशी हलत नाही. हवा पळते ती फटीत. तिथं कापड कोंबलं तर घुमणं कमी होईल, पण टीव्हीची गरमी बाहेर पडायची वाटही तीच आहे, मराठवाड्याच्या मे महिन्यात तसलं काही करायचं नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवा असं सांगणारे व्हिडिओ फिरतात, त्या पुठ्ठ्याची खोली चार-पाच सेंटीमीटर आणि लाट अडीच मीटरची, तिला तो पुठ्ठा असून नसल्यासारखा. विकतचा अर्ध्या इंचाचा फोमही या सुराला तसाच निरुपयोगी, त्यावर पैसे घालवू नका.

शेवटी गळाच काढून टाकला. पुढं ओढता येणारा ब्रॅकेट बसवला आणि टीव्ही देवळीच्या कडेपासून एवढा बाहेर घेतला की त्याची पाठसुद्धा कडेच्या 8 सेंटीमीटर पुढं आली. आता देवळीचं तोंड सगळं उघडं, फटीतलं बूच राहिलं नाही, आणि खालचे स्पीकर कडप्प्याच्या पुढं आल्यानं बारीक आवाज आतल्या आत आपटत बसत नाही. इक्वलायझरमध्ये बास दोन घरं खाली घेतला. 165 च्या आसपास थोडं घुमणं अजून आहे, ते देवळीच्या दोन बाजूंच्या मधलं, 105 सेंटीमीटरमध्ये बरोबर अर्धी लाट बसते ते, त्याला बाजूच्या फळ्या काढल्याशिवाय इलाज नाही आणि आई फळ्या काढू देत नाही. अण्णांचा आवाज आधी 38 वर असायचा, आता 22 वर असतो.

वरच्या मजल्यावर भाऊ टीव्हीची जागा करतोय. सुताराला त्याच्यासमोरच सांगितलं की देवळी करायचीच तर टीव्ही पूर्ण बाहेर येईल एवढी उथळ कर, नाहीतर सरळ भिंतीवर फळी मार.