भडक रंग म्हणजे वाचनीय अक्षरं नव्हे

“केशरी इतका भडक रंग, त्यावर पांढरी अक्षरं ठळकच दिसणार ना?”

नाही. अक्षर ओळखताना डोळ्याला रंगापेक्षा उजळपणातला फरक जास्त लागतो आणि केशरी मुळातच उजळ असतो.

नौपाड्यातल्या एका साडीच्या दुकानाचा दिवाळी सेलचा ईमेल घ्या. पार्श्वभूमी केशरी, रंगाचा कोड #FF9800, अक्षरं पांढरी. दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजणाऱ्या कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये दोन्ही रंग टाकले की गुणोत्तर येतं जेमतेम २.१६. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकाच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ लागतं, मोठ्या अक्षरांना ३. म्हणजे मथळासुद्धा नापास. मोतीबिंदू असलेल्या आजींना किंवा स्टेशनबाहेर भर उन्हात मोबाईल बघणाऱ्याला तारीख दिसणारच नाही. केशरी मात्र बदलू नका, अक्षरं काळी करा. गुणोत्तर थेट ९.७ होतं! मागे फोटो असेल तर आकडा जागोजागी बदलतो. पांढरी अक्षरं फोटोच्या सर्वांत उजळ भागावर तपासा.

आकाराची गफलत वेगळी. १०८० पिक्सेल रुंद पोस्टरवरचा २४ पिक्सेलचा मजकूर ३६० रुंदीच्या मोबाईलवर ८ पिक्सेलचा उरतो. म्हणून तपासणी मोबाईलवरच करा.

आणि अख्खा ईमेल एकच चित्र असेल, तर अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर फक्त ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राला जोडलेलं लेखी वर्णन वाचतो. तिथे ‘दिवाळी पोस्टर’ लिहून काय कळणार? ‘दिवाळी सेल, पैठणीवर २० टक्के सूट, रविवारपर्यंत’ असं लिहा. पत्ता आणि फोन नंबर चित्राखाली साध्या मजकुरात द्या.