प्रमाणवेळ, कालविभाग आणि यूटीसी-फरक

प्रमाणवेळ म्हणजे एखाद्या देशाने किंवा प्रदेशाने आपल्या सर्व व्यवहारांसाठी कायद्याने वा शासकीय आदेशाने ठरवलेली एकच वेळ, आणि अशी एकच वेळ पाळणारा प्रदेश म्हणजे कालविभाग होय. ही वेळ समन्वित जागतिक वेळेच्या (यूटीसी) किती पुढे किंवा मागे आहे ते सांगणाऱ्या आकड्याला यूटीसी-फरक म्हणतात.

पृथ्वी २४ तासांत ३६०° फिरते, म्हणजे रेखांशाच्या एका अंशामागे ४ मिनिटे. त्यामुळे प्रत्येक गावाचे मध्यान्ह वेगळ्या क्षणी येते. मुंबईचा रेखांश सुमारे ७२° ४९′ पूर्व असल्यामुळे तिची स्थानिक मध्यम वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे १६ सेकंद पुढे येते. गावोगावच्या घड्याळांचा हा फरक बैलगाडीच्या प्रवासात कोणाला जाणवत नसे. आगगाडीचे वेळापत्रक आणि तारयंत्र आल्यावर मात्र तो अडचणीचा झाला. भारतातील रेल्वे मद्रास वेळेवर चालत, आणि ती वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास पुढे होती.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने जगाचे २४ कालविभाग पाडले, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते ग्राह्य वाटत नाही. परिषदेने ग्रिनिचचे रेखावृत्त मूळ मानण्याची आणि त्यावर आधारित सार्वत्रिक दिवसाची शिफारस केली. कालविभागांची सक्ती कोणावरही केली नाही. अमेरिका व कॅनडातील रेल्वे कंपन्यांनी तर त्याच्या आदल्या वर्षी, १८ नोव्हेंबर १८८३ रोजीच, आपले विभाग अमलात आणले होते. पुढे प्रत्येक देशाने आपला निर्णय आपल्या सोयीने घेतला, आणि नकाशावरील विभागांच्या सीमा आजही वाकड्यातिकड्या दिसतात त्या यामुळेच.

भारतात १ जानेवारी १९०६ पासून ८२° ३०′ पूर्व हे मिर्झापूरजवळून जाणारे रेखावृत्त आधार धरले गेले. ८२.५ भागिले १५ म्हणजे साडेपाच तास. मुंबईने हा बदल सहज स्वीकारला नाही, कारण घड्याळ एकाएकी ३९ मिनिटे पुढे जाणार होते. सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर गेल्या तरी महानगरपालिका स्थानिक वेळेला धरून राहिली, त्यामुळे एकाच शहरात दोन घड्याळे कित्येक दशके चालली. ही मुंबई वेळ नेमकी केव्हा सुटली याबद्दल एकमत नाही. १९५० आणि १९५५ ही दोन्ही वर्षे दिली जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय प्रमाणवेळही एक तास पुढे, म्हणजे +०६:३० वर, नेली गेली होती. ती ३९ मिनिटे मुंबईच्या आकाशात आजही दिसतात : सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटे झालेली असतात. (पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिच्या अक्षाचा कल यांमुळे हा क्षण वर्षभरात सुमारे पाव तास अलीकडे-पलीकडे सरकतो.)

यूटीसी स्वतः सूर्यावरून मोजली जात नाही. ती आणवीय घड्याळांवर चालते, आणि पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून तिच्यात अधूनमधून एकेक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घातले गेले आहेत. यूटीसी-फरकाची व्याख्या साधी आहे : स्थानिक वेळेतून यूटीसी वजा केली की जे उरते ते. पूर्वेकडे हा फरक सामान्यतः धन आणि पश्चिमेकडे ऋण असतो. मुंबईत १ जानेवारी २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर साडेबारा वाजता नोंदलेला क्षण असा लिहितात :

```
2025-01-01T00:30:00+05:30
2024-12-31T19:00:00Z
```

दोन्ही ओळी एकच क्षण सांगतात. दुसरीतील `Z` म्हणजे शून्य फरक. यूटीसी काढताना ५ तास ३० मिनिटे वजा करावी लागतात, म्हणून तारीख आणि वर्षही मागे जाते. नोंद साडेपाच तासांनी चुकली असेल तर फरक विसरला गेला आहे. ११ तासांनी चुकली असेल तर तो उलट चिन्हाने लावला गेला आहे, हे ओळखावे. चिन्हाचा घोळ होण्यास कारणही आहे : संगणकांत वापरल्या जाणाऱ्या कालविभागांच्या नामावलीत `Etc/GMT-5` या नावाचा विभाग यूटीसीच्या पाच तास पुढे असतो, कारण `Etc/GMT` ने सुरू होणाऱ्या नावांत चिन्हाचा अर्थ उलटा आहे.

फरक आणि कालविभाग एकच समजणे ही आणखी एक चूक. `+05:30` हा एका क्षणापुरता आकडा आहे, तर `Asia/Kolkata` या नावामागे त्या प्रदेशाच्या बदललेल्या फरकांचा इतिहास असतो. न्यूयॉर्कचा फरक हिवाळ्यात −०५:०० आणि उन्हाळ्यात −०४:०० असतो. तिथल्या नातेवाइकांना मुंबईहून रात्री साडेनऊला फोन केला तर जुलैत त्यांच्याकडे दुपारचे बारा आणि जानेवारीत सकाळचे अकरा वाजलेले असतात. म्हणून पुढच्या तारखेची भेट ठरवताना आकड्याऐवजी विभागाचे नाव नोंदवणे योग्य, कारण त्या दिवसाचा फरक तोवर त्या देशाच्या सरकारने बदललेला असू शकतो.