शर्टाचा कट आणि माप

पुरुषांच्या तयार शर्टांत स्लिम, रेग्युलर आणि रिलॅक्स्ड असे तीन कट प्रामुख्याने मिळतात. हे तिन्ही शब्द शर्टात किती ‘लूज’ सोडला आहे ते सांगतात. लूज म्हणजे शर्टाचे माप वजा अंगाचे माप. छातीवर साधारण तीन ते चार इंच लूज असेल तर स्लिम, पाच-सहा इंच असेल तर रेग्युलर आणि आठच्या आसपास किंवा जास्त असेल तर रिलॅक्स्ड. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असल्याने हे आकडे अंदाजाचेच धरावेत.

इंदूरमध्ये राजवाड्याच्या आसपास शर्ट घेताना गिऱ्हाईक बहुधा नुसता नंबर सांगते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. फॉर्मल शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा आकडा मुळात गळ्याचा, तोही सेंटिमीटरमध्ये. अनेकजण तो छातीचा इंचातला आकडा समजतात. चाळीस इंच छातीच्या माणसाला चाळीस नंबर बऱ्याचदा बसतो, त्यामुळे हा समज टिकून आहे. कट बदलला तरी त्याच नंबरचा गळा जवळपास तोच राहतो. छाती, पोट आणि मुंढा मात्र बदलतात. स्लिममध्ये मुंढा वर आणि आवळ असतो, आणि पाठीला बहुधा दोन डार्ट घालून कंबर आत घेतलेली असते.

खरा फरक छातीपेक्षा पोटावर पडतो. समजा, रामबागेतल्या एका बँक कर्मचाऱ्याची छाती ४० इंच आहे, पोट उभे असताना ३८.५ आणि बसल्यावर ४० इंच, गळा ३८.५ सेंटिमीटर. गळ्यात बोटभर जागा धरली तर नंबर ४० येतो. दुकानातला स्लिम ४० छातीला ४३.५ आणि पोटावर ४० इंच असेल, तर उभे राहून आरशात तो झकास दिसेल. खुर्चीत बसताच लूज शून्य होईल, बटणांमधून बनियन दिसेल आणि पोटावरच्या बटणापासून चार बाजूंना फुलीसारख्या वळ्या पडतील. म्हणून ट्रायल रूममध्ये बसून पाहावे, हात पुढे करूनही पाहावे.

अशा वेळी विक्रेता ४२ काढून देतो. दोन इंच वाढल्याने पोटावर ४२ होतात आणि बसता येते, पण गळाही दोन सेंटिमीटरने वाढतो. टाय बांधला की कॉलर चुरगळते, खांद्याची शिवण दंडाकडे सरकते आणि बाही मनगटाखाली येते. मोठा नंबर एका जागेची अडचण सोडवण्यासाठी सगळा शर्टच मोठा करतो. याच माणसाला रेग्युलर ४० बरोबर बसेल: छाती ४६, पोट ४४.५. बसल्यावरही साडेचार इंच उरतात, आणि गळा, खांदा जागच्या जागी राहतात. पोट छातीच्या जवळपास असेल तर नंबर वाढवू नये, कट बदलावा.

रिलॅक्स्डचे गणित उलटे आहे. तिथे खांदा मुद्दाम खाली उतरवलेला असतो, म्हणून खांद्याची शिवण पाहून माप ठरवता येत नाही. सडपातळ माणसाला नेहमीच्या नंबरात तो पोत्यासारखा वाटला तर एक नंबर खाली घेणे चालते, कारण असा शर्ट बहुधा वरचे बटण उघडे ठेवून घालतात आणि गळा आवळ झाला तरी त्रास होत नाही. बाही तेवढी हात वाकवून तपासावी. आखूडपणा तिथेच कळतो.

दुरुस्तीला मर्यादा आहेत. रेग्युलर शर्ट बाजूच्या शिवणीतून आत घेणे किंवा पाठीला डार्ट घालणे हे कोणत्याही चांगल्या टेलरचे सोपे काम. स्लिम शर्ट उसवून वाढवणे जवळजवळ अशक्य, कारण दुमडलेल्या दुहेरी शिवणीत वाढवायला कापडच नसते. दोहोंमध्ये मन अडकले तर रेग्युलर घ्यावा. कॉलर आणि खांदा मात्र कुणाकडूनही सहसा नीट दुरुस्त होत नाहीत, म्हणून ते दोन आधी जुळवावेत.

घरबसल्या मागवताना अंगाऐवजी आपल्या बसत्या शर्टाचे माप घ्यावे. बटणे लावून तो सपाट पसरायचा, काखेच्या शिवणीखाली एक इंचावर आडवी टेप धरायची आणि आकडा दुप्पट करायचा. मग तसेच पोटाच्या सर्वांत रुंद जागी. तक्त्यात छातीचा आकडा अंगाचा आहे की शर्टाचा, हे पाहिल्याशिवाय तुलना करू नये. सुती कापड पहिल्या धुण्यात दोन-तीन टक्के आटू शकते, म्हणजे ४४ इंचांवर सुमारे एक इंच. स्लिममधल्या तीन इंचांतून एक इंच गेला की शर्ट तंग होतो. रिलॅक्स्डमध्ये तो जाणवतही नाही.