तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून एका पानाची चेकलिस्ट: आम्ही ती कशी काढतो

तुमच्या दुकानातला जुना माणूस नवीन मुलांना काम समजावून सांगतो, कोणीतरी ते मोबाइलवर रेकॉर्ड करतं, आणि पुढच्या वेळी नवीन मुलगा आला की त्याला तो व्हिडिओ पाठवला जातो. तासाभराचा व्हिडिओ कोणी पूर्ण पाहत नाही. आणि पाहिला तरी गाडी दारात उभी असताना नेमकं काय करायचं ते त्यातून सापडत नाही. त्याच रेकॉर्डिंगमधून आम्ही काउंटरजवळ चिकटवता येईल अशी यादी करून देतो.

समजा, नागपुरात धंतोलीतलं एक मेडिकल स्टोअर आहे आणि विषय आहे गांधीबागेच्या घाऊक बाजारातून आलेला माल उतरवून घेण्याचा. दुकानातले काका सांगतात बिलापासून: बिल जुळवा, बॅच नंबर पाहा, एक्सपायरी पाहा, माल कपाटात लावा. मग बावन्नाव्या मिनिटाला त्यांना आठवतं: “अन् हो, इन्सुलिनचं खोकं आलं नं, तर ते आधी पाहून घ्या बाप्पा. आतला बर्फाचा पॅक हाताले गार लागला पाह्यजे. मागं एकडाव तसंच राह्यलं होतं बाहेर, उन्हाचे दिवस, मग काय...” पुढे तीन मिनिटं तो किस्सा चालतो.

बोलण्याचा क्रम आणि कामाचा क्रम वेगळा असतो, आणि आमचा निम्मा वेळ तो क्रम लावण्यातच जातो. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा बिल जुळेपर्यंत खोकं काउंटरवर राहून चालत नाही. म्हणून बावन्नाव्या मिनिटाचं वाक्य यादीत पहिलं येतं.

त्यासाठी रेकॉर्डिंग ऐकताना आम्ही प्रत्येक वाक्याला खूण करतो: ही कृती, हे कारण की हा किस्सा? यादीत फक्त कृती जाते. कारण अगदी लागेल तिथेच, तेही चार शब्दांत. किस्सा व्हिडिओतच राहतो. एका ओळीत एकच कृती, आणि ती झाली की नाही हे डोळ्यांनी किंवा हाताने कळलं पाहिजे. ‘फ्रिजचा माल नीट सांभाळा’ ही ओळ कामाची नाही, कारण तिच्यापुढे बरोबरची खूण कशाच्या आधारे करायची? काकांच्या बोलण्यातून निघालेली सुरुवात अशी दिसते:

१. फ्रिजचं खोकं आधी उघडा. (५२:१०)
२. बर्फाचा पॅक गार आहे का, हात लावून पाहा. नसेल तर माल घेऊ नका, मालकांना फोन करा. (५२:२५)
३. फ्रिजचा काटा २ ते ८ मध्ये आहे का पाहा.
४. माल मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. (५६:४०)
५. आता बिल घ्या. (३:१५)

कंसात व्हिडिओमधली वेळ आहे. अडला तर मुलगा तेवढाच तुकडा पाहतो.

तिसऱ्या ओळीपुढे वेळ नाही, कारण ती गोष्ट काका बोललेच नाहीत. चित्रात मात्र दिसतं की फ्रिज उघडल्यावर त्यांची नजर आधी थर्मामीटरकडे जाते. ज्यांचा हात बसलेला असतो त्यांची अशी कितीतरी कामं तोंडातून येत नाहीत. म्हणूनच आम्ही नुसता ऑडिओ शक्यतो घेत नाही. लिहून काढलेला मजकूर कितीही अचूक असला तरी त्यात ही नजर नसते.

दुसरी अडचण आकड्यांची. “दोन-तीन महिन्यांची एक्सपायरी असली तर घेऊ नका,” असं काका सहज म्हणून जातात. मग अडीच महिने उरलेला माल घ्यायचा की परत करायचा? अशा जागी आम्ही स्वतः आकडा ठरवत नाही. प्रश्न लिहून तुमच्याकडे पाठवतो. तुमचा खरा वेळ जातो तो या उत्तरांत. शेड्यूल एच१, म्हणजे विक्रीवर जास्त कडक नियम असलेल्या औषधांच्या यादीतल्या औषधांचं रजिस्टर कायद्यानेच ठेवावं लागतं आणि ते तीन वर्षं जपायचं असतं. अशा गोष्टी रेकॉर्डिंगमध्ये अर्धवट आल्या असतील, तर त्या ओळी तुमच्या फार्मासिस्टने तपासून सही केल्याशिवाय आम्ही छापत नाही.

कच्ची यादी झाली की एक चाचणी: नवीन मुलाच्या हातात कागद द्यायचा, काकांनी शेजारी उभं राहायचं, पण बोलायचं नाही. (हे काकांना जड जातं.) मुलगा जिथे थांबून त्यांच्याकडे पाहील, ती ओळ बदलायची. जिथे तो न वाचताच पुढे जाईल, तिथे ओळ जास्तीची आहे का ते तपासायचं.

गिऱ्हाइकाने उधारी मागितली तर काय बोलायचं, कोणता स्टॉकिस्ट शॉर्ट एक्सपायरीचा माल सरकवू पाहतो, हे या पानात बसत नाही. ते काकांकडूनच शिकावं लागतं, आणि तसं आम्ही आधीच सांगतो.

रेकॉर्डिंग देताना मोबाइल बोलणाऱ्याच्या हातांवर रोखलेला असू द्या आणि कूलर बंद ठेवा. कोणाची चिठ्ठी किंवा पेशंटचं नाव दिसत असेल, तर तो भाग काढूनच पाठवा. पानाच्या कोपऱ्यात आम्ही तारीख टाकतो. कामाची पद्धत बदलली की फक्त बदललेल्या भागाचं छोटं रेकॉर्डिंग पाठवा आणि भिंतीवरचं जुनं पान त्याच दिवशी काढून टाका.