जीमेलवर समोरच्याला दिसणारं नाव कसं बदलायचं (ईमेल आयडी तोच ठेवून)

माझ्या मावशीचं जीमेल खातं तिच्या मुलाने काढून दिलेलं, तो तेव्हा नववीत होता आणि नावाच्या रकान्यात त्याने सरळ स्वतःचंच नाव टाकून दिलं. बरीच वर्षं कुणाच्या लक्षातही आलं नाही कारण मावशी मेल नुसत्या वाचायची. मग तिने एका शाळेत नोकरीसाठी अर्ज मेल केला, आणि तिकडून फोन आला तो "सर आहेत का?" असा. मावशी म्हणाली, आता नवीन आयडीच काढते. मी म्हटलं अजिबात नको, बँक, गॅस, विमा सगळीकडे तोच आयडी दिलेला आहे, ते सगळं बदलत बसशील का.

तर मुद्दा असा की आयडी वेगळा आणि नाव वेगळं. आपण पाठवलेल्या प्रत्येक मेलवर अशी एक ओळ जाते:

```
From: Asha Patil <asha@example.com>
```

कंसातला पत्ता म्हणजे आयडी, त्याला आपण हात लावत नाही. त्याच्या आधी जे लिहिलंय तेवढंच बदलायचंय.

कोण बदलू शकतं? स्वतःचं साधं जीमेल खातं असेल तर कुणीही. फी नाही, कागदपत्रं नाहीत. लग्नानंतर नाव बदललंय म्हणून खूप जणी विचारतात की राजपत्र किंवा अॅफिडेविट लागेल का, तर इथे काहीही लागत नाही, फक्त खात्याचा पासवर्ड माहीत हवा. आणि हेही लक्षात घ्या की इथे नाव बदललं म्हणजे पॅन किंवा बँकेतलं नाव बदलत नाही. ऑफिसने किंवा कॉलेजने दिलेला आयडी असेल तर मात्र नाव बदलायची सोय त्यांनी बंद ठेवलेली असू शकते, मग तिथल्या आयटीवाल्यांनाच सांगावं लागतं.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. हे काम कॉम्प्युटरवर करा, जीमेलच्या मोबाइल अॅपमध्ये हे सेटिंग शोधत बसू नका. ब्राउझरमध्ये जीमेल उघडून वर उजवीकडे गिअरचं चिन्ह आहे त्यावर क्लिक करा, मग `See all settings`, मग वरच्या टॅबमधला `Accounts and Import` (ऑफिसच्या खात्यात तो नुसता `Accounts` असतो). तिथे `Send mail as` च्या समोर तुमचं आत्ताचं नाव आणि आयडी दिसेल आणि त्याच ओळीत `edit info`. ते दाबलं की छोटी विंडो उघडते, नवीन नाव लिहा आणि `Save Changes` करा, झालं. नाव देवनागरीतही चालतं.

त्या छोट्या विंडोत नावासाठी दोन गोल असतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. पहिल्या गोलासमोर गूगल खात्याचं नाव असतं, दुसऱ्यासमोर रिकामा चौकोन, आपल्याला हवं ते लिहायला. मावशीने आधी स्वतःच `myaccount.google.com` वर जाऊन `Personal info` मध्ये नाव बदललं होतं, तरी मेलवर मुलाचंच नाव जात होतं. पाहिलं तर त्या विंडोत दुसरा गोल निवडलेला आणि चौकोनात मुलाचं नाव. म्हणजे खात्याचं नाव कितीही वेळा बदला, मेल आपली त्या चौकोनातलंच उचलणार. मी पहिला गोल निवडून सेव्ह केलं. उलटंही होतं बरं का, फक्त चौकोनातलं नाव बदललं तर मेल नवीन नावाने जाते पण गूगल डॉक्स, मीट वगैरेंमध्ये जुनंच दिसत राहतं, म्हणून दोन्ही जागा बघा.

आयफोनच्या मेल अॅपमधून किंवा आउटलुकमधून पाठवत असाल तर ते अॅप स्वतःकडे साठवलेलं नाव लावतं, ते त्या अॅपच्या अकाउंट सेटिंगमध्ये जाऊन वेगळं बदलावं लागतं.

बदललं की नाही हे कसं तपासायचं? ज्याने तुमचा आयडी सेव्ह केलेला नाही अशा कुणाला तरी नवीन मेल पाठवा. हे महत्त्वाचं आहे, कारण समोरच्याने तुम्हाला कॉन्टॅक्टमध्ये ज्या नावाने ठेवलंय तेच त्याला बहुतेकदा दिसतं. माझ्याकडे ती "मावशी" म्हणून सेव्ह आहे, मला आजही "मावशी" असंच दिसतं, त्यामुळे आमची पहिली टेस्ट फुकटच गेली. शेजारच्या काकांच्या मेलवर पाठवलं तेव्हा खरं कळलं. शंका असेल तर त्यांच्या जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांतून `Show original` बघा, वर From ची ओळ दिसते.

आधी पाठवलेल्या मेल मात्र जुन्याच नावाने राहतात, त्या मागे जाऊन बदलता येत नाहीत. म्हणून मावशीने शाळेला तो अर्ज पुन्हा एकदा पाठवला, वर एक ओळ लिहून की आधीचा अर्जही माझाच आहे.