एकच मालिका, दोन वेगळे ‘प्रेक्षक’

माध्यमांवर टीकात्मक निबंध लिहायला दिला की विद्यार्थी दोन दृष्टिकोनांची हमखास गल्लत करतात: राजकीय अर्थशास्त्र आणि सांस्कृतिक अभ्यास. गल्लत होण्यासारखीच आहे म्हणा. दोन्ही मार्क्सच्या अंगणातून आले, दोन्ही सत्तेविषयी बोलतात आणि दोन्हींच्या तोंडी ‘प्रेक्षक’ हा शब्द सारखा असतो. घोळ होतो तो या शब्दापाशीच.

उदाहरणाला ‘रात्रीस खेळ चाले’ घेऊ. झी मराठीवर 2016च्या फेब्रुवारीत सुरू झालेली, सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली ही भुताची मालिका कोकणात ठाऊक नाही असं घर विरळा.

राजकीय अर्थशास्त्रवाला आधी भुताकडे बघतच नाही, तो मधल्या जाहिरातींकडे बघतो. डॅलस स्माइद या कॅनेडियन अभ्यासकाने 1977 साली विचारलं, की जाहिरातींवर चालणारी माध्यमं नेमका कुठला माल विकतात? कार्यक्रम नव्हे, प्रेक्षक. वाहिनी आपलं लक्ष गोळा करते आणि जाहिरातदाराला विकते. मालिका हे गळाला लावलेलं आमिष. आपल्याकडे नियमाने तासाला 12 मिनिटं जाहिराती दाखवता येतात, त्यातली 2 वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या. विकायला वेळ एवढाच, म्हणून त्या वेळेत किती आणि कोणती माणसं बसली आहेत यावर भाव ठरतो. ती मोजायची तर निवडक घरांत मीटर बसवतात. आमच्या वाडीत मीटर नसेल तर वाडीतली वीस घरं रोज रात्री मालिका बघत बसली तरी आकड्यात थेट भर शून्य. दुसरीकडचं मीटर असलेलं एक घर हजारोंच्या नावाने बोलतं. म्हणजे विकला जाणारा ‘प्रेक्षक’ हा नमुन्यावरून काढलेला आकडा आहे.

आता एक मोह. बार्क या मापन संस्थेने ग्रामीण भागाचे आकडे द्यायला सुरुवात केली ऑक्टोबर 2015मध्ये, आणि चार महिन्यांत खेड्यातली, मालवणी बोलणारी मालिका पडद्यावर आली. निबंधात ‘म्हणून’ लिहायला हात शिवशिवतो. लिहू नये. तारखा मागेपुढे आल्या म्हणजे कारण सापडलं असं होत नाही; त्यासाठी जाहिरातींचे दर, त्या वेळेचे ग्रामीण-शहरी आकडे, लेखकांना मिळालेल्या सूचना असं काही हाती लागावं लागतं. या पद्धतीचे निबंध इथेच सर्वांत जास्त घसरतात: मालक कोण ते सांगितलं की आशय आपोआप सिद्ध झाला असं धरून चालतात.

दुसरा प्रेक्षक आमच्या ओटीवर बसतो. माझी आते पहिल्याच आठवड्यात म्हणाली, “भूत-बित काय नाय, ह्यो जमिनीचो वाद आसा.” सातबाऱ्यावर पंधरा नावं, त्यातली निम्मी मुंबईला, आणि गावातलं कोणी गेलं की सगळे एका छपराखाली, तिला ही गोष्ट पाठ होती. शेजारचे काका मात्र भडकले होते, कोकण म्हणजे भुतंच का, म्हणून. आणि मुंबईहून आलेला चुलतभाऊ मुकाट्याने घाबरला.

सांस्कृतिक अभ्यासाचे बर्मिंगहॅममधले अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी 1973 साली जे मांडलं ते नेमकं हे. बनवणारा अर्थ भरतो, पण बघणारा तो तसाच उचलतो असं नाही. कोणी दिलेला अर्थ मान्य करतो (चुलतभाऊ), कोणी आपल्या अनुभवाशी जुळवून घेतो (आते), कोणी उलटा वाचतो (काका). आतेला मी मधल्या खणात बसवलं खरं, पण ती तिथे नीट मावत नाही. मालिकेतही जमिनीचा वाद होताच, तिने फक्त भूत बाजूला सारलं. खण आधी आणि माणसं नंतर, असं केलं की सांस्कृतिक अभ्यासाचा निबंधही फसतो. त्याचा दुसरा रोग म्हणजे कुठल्याही वेगळ्या वाचनाला ‘प्रतिकार’ म्हणून टाकणं. काका चिडले, पण टीव्ही चालूच होता. मीटर असतं तर त्यांचा राग पसंती म्हणूनच मोजला गेला असता.

आपला निबंध कुठल्या बाजूचा झालाय हे ओळखायला मी वर्गात एक चाचणी देतो. भुताच्या जागी सासू-सुनेचं भांडण घाला. युक्तिवाद तसाच उभा राहिला तर तो राजकीय अर्थशास्त्राचा. वाहिनीचा मालक बदला. तरी उभा राहिला तर सांस्कृतिक अभ्यासाचा. चाचणी ढोबळ आहे. मालिकेतली सौम्य केलेली मालवणी घेतली तर ती दोन्हीकडे अडकते. नागपूरच्या घरालाही कळली पाहिजे म्हणून बोली पातळ होते, हे बाजाराचं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. पण ती ऐकून “असा आमच्यात कोण बोलता?” असं म्हणणारी आते पुढच्या भागात त्याच सुरात नक्कल करून सगळ्यांना हसवते, त्याचं काय करायचं हे बाजार सांगत नाही.