सातवा पत्ता म्हणजे सातवा महिना की सातवं घर?

माझ्या मैत्रिणीने जून महिन्यात टॅरोचे बारा पत्ते गोलात मांडून घेतले होते. प्रश्न एकच होता: हे नातं वर्षभरात कसं जाईल? सातव्या जागी फाइव्ह ऑफ कप्स आला. काळा झगा घातलेला माणूस, पुढे सांडलेले तीन पेले. तिने फोटो एका ओळखीच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, "सातवं घर जोडीदाराचं. तिथेच हा पत्ता, म्हणजे लग्नाचं काही खरं नाही." ती दोन दिवस नीट जेवली नाही.

घोळ पत्त्यात नव्हता, चक्रात होता. बारा पत्त्यांची गोल मांडणी दोन प्रकारची असते आणि फोटोत दोन्ही अगदी सारख्या दिसतात. एकीत प्रत्येक जागा म्हणजे एक महिना. दुसरीत प्रत्येक जागा म्हणजे ज्योतिषातलं एक घर.

घरांचं चक्र आपल्याला पटकन कळतं, कारण कुंडली घरोघरी पाहिलेली असते. पहिलं घर आपलं स्वतःचं, पाचवं प्रेमाचं, सातवं जोडीदाराचं. पाश्चात्त्य पद्धतीत पहिला पत्ता डावीकडे, घड्याळात नऊ असतात तिथे ठेवतात आणि पुढचे घड्याळाच्या उलट दिशेने मांडत जातात. यात काळ नसतोच. पाचवं घर सातव्याच्या 'आधी' येत नाही, बाराही गोष्टी एकाच वेळी चालू असतात. म्हणून इथे समोरासमोरचे पत्ते जोडीने वाचतात, पहिला आणि सातवा म्हणजे मी आणि तू.

महिन्यांच्या चक्रात पहिला पत्ता बहुतेक वेळा चालू महिन्याचा असतो आणि पुढचे घड्याळाच्या दिशेने जातात. काहीजण मध्यभागी तेरावा पत्ता ठेवतात, तो सगळ्या वर्षाचा सूर सांगतो. इथे खरं वाचन शेजारच्या पत्त्यांचं. आधीच्या महिन्यातून काय आलं आणि पुढच्यात काय गेलं, हे बघायचं. एक फसवी जागा मात्र आहे. बारावा पत्ता पहिल्याला टेकलेला दिसतो, पण त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. चित्र गोल असलं तरी वाचायची ती रेघ.

मैत्रिणीला मी विचारलं, "पहिला पत्ता मांडताना काय म्हटलं होतंस?" ती म्हणाली, "जून." मग सातवी जागा डिसेंबर. त्याच्या अलीकडे, नोव्हेंबरला, द हर्मिट होता: डोंगरावर कंदील धरून एकटा उभा म्हातारा. पलीकडे, जानेवारीला, सिक्स ऑफ स्वोर्ड्स: नावेतून पलतीराला निघालेली बाई, मूल आणि नावाडी. तिचा मित्र नोव्हेंबरात बदली होऊन बेंगळुरूला जाणार होता. तीन पत्ते एका ओळीत ठेवले की एकटेपणा, मग हळहळ, मग तिथून बाहेर पडणं असा प्रवास दिसतो. फाइव्ह ऑफ कप्समध्ये माणसाच्या पाठीमागे दोन पेले उभेच असतात, ते तिला पहिल्यांदा दिसले. हेच पत्ते घरांच्या चक्रात असते तर हर्मिट कामाच्या आणि तब्येतीच्या घरात, आणि सिक्स ऑफ स्वोर्ड्स सामायिक पैशाच्या आणि जवळिकीच्या आठव्या घरात गेला असता. तिघांची गोष्टच झाली नसती.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. महिन्यात कप्सचा, म्हणजे भावनांच्या गटातला, पत्ता नाही, म्हणून त्या महिन्यात प्रेम नाही, असं लोक म्हणतात. 78 पत्त्यांत कप्स फक्त 14. बारा पत्ते काढले तर सरासरी दोनच हाती लागतात. प्रश्न नात्याचा असेल तर बाराही पत्ते नात्याबद्दलच बोलतात. पेंटकल्स आले तर त्या महिन्यात नात्यावर पैशाचा, घराचा, नोकरीचा भार आहे असं वाचायचं. स्वोर्ड्स आले तर बोलणं आणि भांडण, वाँड्स आले तर ओढ आणि घाई. घरांच्या चक्रात मात्र प्रेमाचा प्रश्न असला तरी नजर पाचव्या आणि सातव्या घरावर ठेवतात, बाकीची घरं संदर्भासाठी.

एका महिन्याला एकच पत्ता म्हणजे फार थोडं सांगणं. त्यात अमुक तारखेला तो विचारेल, असं शोधू नये. डिसेंबरात नक्की काय होईल हे पत्त्याला माहीत असतं असं मी मानत नाही. त्या महिन्यात कशाकडे लक्ष ठेवायचं, एवढं तो सुचवतो. एखादा महिना अस्पष्ट वाटला तर त्याच्या शेजारी एक जादा पत्ता काढावा. सगळं चक्र पुन्हा मांडलं की पहिली रेघ तुटते आणि हवा तो पत्ता येईपर्यंत माणूस मांडत राहतो.

मैत्रिणीने आता फोटोखाली लिहून ठेवलं आहे: "1 = जून, घड्याळाच्या दिशेने." महिना संपला की त्या जागेखाली ती घडलेल्या गोष्टीची एक ओळ लिहिते. जुलैच्या टू ऑफ कप्सखाली तिने लिहिलं आहे, "त्याच्या आईला पहिल्यांदा भेटले."